छेद वाढतो, तूट तीच राहते

शंकेखोर : पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांना सीनिअरपासून प्राध्यापकांपर्यंत सगळे एकच ऐकवतात. पहिली दोन सेमिस्टर सांभाळा, तिथे पॉइंटर पडला की पुन्हा वर येत नाही. माझा या सांगण्यावरच आक्षेप आहे. सीजीपीए ही सरासरी आहे आणि सरासरीला क्रम कळत नाही. आठ सेमिस्टरच्या सगळ्या ग्रेड हव्या त्या क्रमाने मांडा, बेरीज तीच येणार आणि ज्याने भागायचं तो आकडाही तोच राहणार. मग पहिल्या सेमिस्टरची वाईट ग्रेड शेवटच्या सेमिस्टरच्या वाईट ग्रेडपेक्षा जास्त नुकसान करते, हे कुठल्या गणितात बसतं? मला तर हा मुलांना घाबरवून अभ्यासाला बसवण्याचा प्रकार वाटतो.

हिशेबी : घाबरवण्याचं राहू द्या, आधी आकडे मांडू. यूजीसीच्या दहा गुणांच्या श्रेणीत ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, जेमतेम पास झाल्याची पी ४ आणि नापास म्हणजे शून्य. प्रत्येक विषयाचे ग्रेड पॉइंट त्याच्या क्रेडिटने गुणायचे, सगळ्या विषयांची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं. एका सेमिस्टरपुरतं केलं तर एसजीपीए, आजवरच्या सगळ्या सेमिस्टरचं मिळून केलं तर सीजीपीए. आता दर सेमिस्टरला २० क्रेडिट धरा, म्हणजे चार वर्षांची १६०. एक मुलगी सगळीकडे ए मिळवते, म्हणजे ८. फक्त पहिल्या सेमिस्टरला चार क्रेडिटच्या गणितात, ज्याला मुलं एम-वन म्हणतात, तिला पी मिळाली. आठाच्या जागी चार, गुणिले चार क्रेडिट, म्हणजे १६ गुण गेले. त्या सेमिस्टरला १६० मिळायचे तिथे १४४ मिळाले. भागिले २०, पॉइंटर ७.२. एका विषयाने सरासरी ०.८ ने खाली आणली. हीच पी तिला आठव्या सेमिस्टरला मिळाली असती, तर १२८० मिळायचे तिथे १२६४ मिळाले असते. भागिले १६०, ७.९. घसरण ०.१. एकाच चुकीची शिक्षा आठपट, याला काय म्हणाल?

शंकेखोर : अर्धवट हिशेब म्हणेन. पहिल्या मुलीचा हिशेब तुम्ही पहिल्या सेमिस्टरला थांबवलात आणि दुसरीचा आठव्या सेमिस्टरपर्यंत नेलात. पहिलीलाही पुढे चालू द्या. ती पुढे दर सेमिस्टरला तिचे ८ मिळवतेच आहे. दुसऱ्या सेमिस्टरनंतर ३०४ भागिले ४०, म्हणजे ७.६. तिसऱ्यानंतर ७.७३, चौथ्यानंतर ७.८, पाचव्यानंतर ७.८४, सहाव्यानंतर ७.८७, सातव्यानंतर ७.८९ आणि आठव्यानंतर ७.९. पोहोचली की नाही दुसरीच्याच आकड्यावर? १६ गुणांची तूट पहिल्या दिवशी होती तेवढीच शेवटच्या दिवशी आहे. फक्त तिच्याखालचा छेद २० वरून १६० झाला. तुम्ही आठपट म्हणालात, तो छेदाचा आठपटीचा फरक आहे. नुकसानाचा नाही.

हिशेबी : मान्य, तूट तीच आहे. पण सरासरी म्हणजे तूट भागिले छेद. विद्यार्थ्याच्या हातात रोज जो आकडा असतो तो भागाकार असतो, तूट त्याला कुणी छापून देत नाही. आणि तुम्ही आत्ता वाचून दाखवलेली रांग मला नीट पाहायची आहे, कारण तिच्यात एक फसवणूक लपलेली आहे. ७.२, ७.६, ७.७३, ७.८. घरच्यांना वाटतं, पोरगी सावरली, दर वेळी चढतेय. तिलाही तसंच वाटतं. प्रत्यक्षात दुसऱ्या सेमिस्टरपासून ती एका जागी उभी आहे, प्रत्येक वेळी ८. चढतोय तो भागाकार. पुढे आणखी गंमत. पहिली उडी ०.४ ची, दुसरी ०.१३ ची, तिसरी ०.०७ ची, मग ०.०४, ०.०३, शेवटी ०.०१. तिसऱ्या वर्षी तीच मुलगी म्हणते, मेहनत तेवढीच करते, पण पॉइंटर हलतच नाही. तिच्या मेहनतीत काही कमी झालेलं नसतं. सुरुवातीला जो छेद लहान म्हणून एका पीने इतकी पडझड झाली, तोच छेद आता मोठा झाला म्हणून चांगल्या ग्रेडचाही परिणाम दिसेनासा झाला.

शंकेखोर : हे छान सांगितलंत, आणि ते माझ्या बाजूचं आहे. लहान छेद पाडतो तसा उचलतोही. मोठा छेद सांभाळतो आणि अडकवूनही ठेवतो. म्हणजे सुरुवातीच्या सेमिस्टरमधला सीजीपीए हा हलका आकडा आहे, थोडं काही झालं की उड्या मारतो. अशा आकड्यावरून कुणी घाबरू नये, एवढंच मी म्हणतो. क्रिकेटमध्ये पाहा. डॉन ब्रॅडमनने १९२८ साली ब्रिस्बेनला पहिली कसोटी खेळली. धावा १८ आणि १. सरासरी साडेनऊ. त्या दिवशी कुणी साडेनऊवरून त्याचं भविष्य सांगितलं असतं तर? आणि १९४८ साली ओव्हलवर तो शेवटचा डाव खेळायला आला तेव्हा त्याच्या नावावर ६,९९६ धावा होत्या, ६९ वेळा बाद झालेला होता, सरासरी १०१.३९. शून्यावर बाद झाला, सरासरी ९९.९४ झाली. जग त्या शेवटच्या शून्याबद्दल हळहळतं. पण तेच शून्य त्याने पहिल्या कसोटीत काढलं असतं आणि बाकी डाव जसेच्या तसे असते, तरी कारकीर्द संपताना आकडा ९९.९४ च असता. मधल्या वीस वर्षांत ते शून्य कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं.

हिशेबी : उदाहरण चांगलं आहे, पण ब्रॅडमनची सरासरी आपण कारकीर्द संपल्यावर वाचतो. विद्यार्थ्याची सरासरी मध्येच वाचली जाते, आणि वाचणारा वाचून काहीतरी ठरवतो. तुमचा सगळा युक्तिवाद ‘शेवटी सारखंच’ या दोन शब्दांवर उभा आहे. शेवटापर्यंत थांबतो कोण? तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला इंटर्नशिपचे अर्ज भरतात, त्यात चार सेमिस्टरचा सीजीपीए मागतात. प्लेसमेंट सातव्या सेमिस्टरच्या आसपास सुरू होतं, त्यात सहा सेमिस्टरचा. आणि नव्या चार वर्षांच्या पदवीत तर नियमच लिहिलेला आहे. यूजीसीने डिसेंबर २०२२ मध्ये जो आराखडा काढला त्यात म्हटलंय की, पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के किंवा जास्त असतील तरच चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्सला जाता येईल. टक्क्यांचं सीजीपीएत रूपांतर विद्यापीठागणिक वेगळं असू शकतं, पण आपण ७.५ धरू.

आता एक मुलगा घ्या, ज्याची एरवीची सरासरी ७.६ आहे. सहा सेमिस्टरचे १२० क्रेडिट, म्हणजे ९१२ गुण. त्याला एका चार क्रेडिटच्या विषयात ८ मिळायचे तिथे ४ मिळाले. उरले ८९६. भागिले १२०, ७.४७. संशोधनाचं दार बंद. तो चौथं वर्ष साध्या ऑनर्समध्ये करतो, तशाच सरासरीने करतो आणि १६० क्रेडिटला त्याचे १२०० गुण होतात. भागिले १६०, बरोबर ७.५०. म्हणजे ज्या दिवशी त्याचा आकडा पुरेसा होतो, त्या दिवशी त्या आकड्याचा उपयोग संपलेला असतो. त्याच्याच शेजारी बसणाऱ्याला तीच पी सातव्या सेमिस्टरला मिळाली. सहाव्यानंतर तो ७.६ वर होता, संशोधनाला गेला. शेवटी त्याचाही सीजीपीए ७.५०. दोघांचा अंतिम सीजीपीए एकसारखा आणि पदवी वेगळी. सांगा आता, सरासरीला क्रम कळत नाही?

शंकेखोर : सरासरीला अजूनही कळत नाही. क्रम कळतो तो तुमच्या दाराला. आणि हा फरक शब्दांचा नाही, हे तुमच्याच उदाहरणाने दाखवतो. त्या मुलाला ती पी पहिल्या सेमिस्टरला मिळाली की सहाव्या, हे तुम्ही सांगितलंच नाहीत, कारण सांगायची गरज नव्हती. पहिल्या सहांपैकी कुठेही मिळो, दाराशी आकडा ७.४७ च. म्हणजे तुमचा मूळ मुद्दा, लवकरची ग्रेड जास्त लागते, तो इथे लागूच होत नाही. इथे दोनच भाग आहेत, दाराच्या अलीकडचं आणि पलीकडचं. अलीकडचं सगळं सारखंच मोजलं जातं, पलीकडचं अजिबात मोजलं जात नाही. पहिल्या आणि सहाव्या सेमिस्टरमध्ये फरक शून्य, सहाव्या आणि सातव्यात मात्र सगळा. याला ‘सुरुवातीचे दिवस महत्त्वाचे’ असं म्हणणं म्हणजे चुकीच्या जागी बोट ठेवणं.

आणि आणखी एक गोष्ट पाहा. त्या मुलाला ७.५ साठी ९०० गुण हवे होते, होते ८९६. चार गुण कमी. चार गुण म्हणजे एका चार क्रेडिटच्या विषयात फक्त एक ग्रेड वर, बी प्लसच्या जागी ए. पी जर पहिल्या सेमिस्टरला मिळाली असेल, तर हे चार गुण काढायला त्याच्याकडे पाच सेमिस्टर, १०० क्रेडिट होते. सहाव्या सेमिस्टरला मिळाली असेल, तर निकाल लागतो त्या दिवशीच खेळ संपलेला. मग वाईट ग्रेड मिळायचीच असेल तर लवकर मिळालेली बरी की नाही?

हिशेबी : हा मुद्दा जोरकस आहे, मी तो टाळणार नाही. सावरायला काय लागतं याचा हिशेब करू. पहिल्या मुलीकडे परत जाऊ, १६ गुण गेलेली. तिला पुन्हा ८.०० वर यायचं आहे. दुसऱ्या सेमिस्टरच्या अखेरीलाच यायचं तर त्या २० क्रेडिटमध्ये १६ गुण जास्त काढायला हवेत, म्हणजे एसजीपीए ८.८. तिसऱ्याच्या अखेरीला यायचं तर ४० क्रेडिटवर ८.४. पदवी संपेपर्यंतची मुदत घेतली, तर उरलेल्या १४० क्रेडिटवर फक्त ८.११ ची सरासरी पुरते. पी सातव्या सेमिस्टरला मिळाली असती तर एकाच सेमिस्टरमध्ये ८.८ काढावे लागले असते. आठव्याला मिळाली तर काहीच करता येत नाही. तेव्हा हे खरं, की लवकरची घसरण खोल असते पण तिच्यापुढे वेळ असतो, आणि उशिराची उथळ असते पण कायमची.

फक्त यात एक छत आहे, ते विसरू नका. आठाच्या मुलीच्या वर दोन पॉइंटची जागा आहे. साडेनऊवाल्याच्या वर अर्धाच पॉइंट आहे. त्याला दहाच्या जागी चार मिळाले, गेले २४ गुण. पुढे प्रत्येक विषयात ओ मिळवला तरी दर क्रेडिटमागे अर्धा गुण भरून निघणार, म्हणजे ४८ क्रेडिट, जवळजवळ अडीच सेमिस्टर एकही ए प्लस न घेता. दहापैकी दहा असलेल्याला तर ते कधीच भरून काढता येणार नाही, मग पी पहिल्या सेमिस्टरला मिळो की आठव्या. लवकर पडलं तर सावरता येतं, हे मधल्या फळीतल्या मुलांना लागू आहे. वरच्यांना फारसं नाही.

शंकेखोर : ठीक. आणि खालच्यांना? मला त्यांची काळजी जास्त आहे. तुम्ही आणि मी दोघंही एक गृहीतक धरून बोलतोय, की एकच ग्रेड वाईट आहे आणि बाकी सगळं जसं होतं तसंच चालू आहे. कागदावर हे सोपं आहे. पण एम-वनमध्ये पी मिळालेल्या मुलाला पुढच्याच सेमिस्टरला एम-टू आहे, काही शाखांना त्यापुढे एम-थ्री. अवकलन, संकलन कच्चं राहिलं असेल तर ती पी एकटी येत नाही, मागोमाग आणखी दोन आणते. मग १६ गुणांची तूट ३२ होते, ४८ होते. पहिल्या सेमिस्टरची वाईट ग्रेड खरोखरच जास्त महाग पडत असेल तर ती छेदामुळे नाही, विषय एकावर एक रचलेले असतात म्हणून. आठव्या सेमिस्टरच्या एखाद्या ऐच्छिक विषयात पी मिळाली तर तिच्यावर पुढे काही उभं राहायचं नसतं. ही तुमच्या भागाकारात न दिसणारी गोष्ट आहे, आणि मुलांना खरं तर हीच सांगायला हवी.

हिशेबी : सांगायला हवी, आणि ती सांगताना भागाकारही सांगायला हवा, कारण मुलं या दोन गोष्टींची गल्लत करतात. पॉइंटर ०.८ ने पडला म्हणून ती गणिताचा धसका घेतात. खरं तर तो पडला कारण छेद २० होता. आणि गणित कच्चं आहे ते मात्र तसंच राहतं. पुढे ७.६ होतो, ७.७३ होतो, तेव्हा वाटतं गणितही सुधारलं. म्हणून मी मुलांना सांगतो, सीजीपीएकडे बघू नका, गुणपत्रिकेवरचा त्या सेमिस्टरचा एसजीपीए बघा आणि त्याच्या आधीचा एसजीपीए बघा. तुम्ही वर चाललाय की एका जागी आहात, हे एसजीपीएच सांगतो.

त्याच गुणपत्रिकेवर क्रेडिटचे रकाने असतात, तेही वाचायला शिकवतो. एका क्रेडिटच्या प्रॅक्टिकलमध्ये ८ ऐवजी ४ मिळाले तर पहिल्या सेमिस्टरलाही पॉइंटर ०.२ नेच पडतो, चार क्रेडिटच्या पेपरला ०.८ ने. सबमिशनच्या धावपळीत मुलं जो जीव टाकतात तो कुठे टाकतात, हे या रकान्यावरून कळतं. आणि नापास झालेल्याने तर नोंदवलेली क्रेडिट आणि मिळवलेली क्रेडिट हे दोन आकडे ताडून पाहावेत. त्या चार क्रेडिटच्या गणितात ती मुलगी नापास झाली असती तर सेमिस्टरचे १२८ गुण झाले असते. नियम असा असेल की नोंदवलेल्या सगळ्या क्रेडिटने भागायचं, तर १२८ भागिले २०, ६.४. नियम असा असेल की सुटलेल्या विषयांच्याच क्रेडिटने भागायचं, तर १२८ भागिले १६, पूर्ण ८.०. काही ठिकाणी तर विषय सुटेपर्यंत एसजीपीए छापतच नाहीत. म्हणजे केटी लागलेल्या मुलीचा पॉइंटर ८ दिसू शकतो आणि पास झालेलीचा ७.२. छेदात काय धरलंय हे न बघता दोन आकड्यांची तुलना केली की अशी गफलत होते.

शंकेखोर : आता आपण मुद्द्यावर आलो. छेदात काय धरायचं हे निसर्गाने ठरवलेलं नाही, माणसांनी ठरवलंय. पूर्वी कितीतरी विद्यापीठांत एफवाय पास व्हायचं, बस. क्लास लागायचा तो टीवायच्या गुणांवर. एफवायच्या ग्रेडचं वजन शून्य होतं. मग आज पहिल्या सेमिस्टरचं क्रेडिट आठव्याच्या क्रेडिटएवढंच का धरायचं? अठरा वर्षांचं पोर गावातल्या ज्युनिअर कॉलेजातून शहरातल्या होस्टेलवर येतं. दहावीपर्यंत मराठीत शिकलेलं असतं, वर्गात इंग्रजीतून चाललेलं अर्धं डोक्यावरून जातं, परीक्षेचा साचा माहीत नसतो. पहिल्या सेमिस्टरच्या पीमध्ये गणित किती आणि बुजलेपण किती, हे कोण सांगणार? अमेरिकेतल्या एमआयटीने यावर जुनाच तोडगा काढलाय. तिथे १९६८ पासून पहिल्या वर्षाला फक्त पास-नापास अशी नोंद सुरू झाली. आता ती सवलत पहिल्या सेमिस्टरपुरती आहे. सी किंवा वरची ग्रेड असेल तर ‘पास’ लिहितात, त्याखालची असेल तर ती बाहेर दाखवायच्या गुणपत्रिकेवर येतच नाही. त्यांनी छेदच दुसऱ्या सेमिस्टरपासून सुरू केला.

हिशेबी : बघा, एमआयटीचं उदाहरण तुम्हीच दिलंत. सुरुवातीची ग्रेड जास्त लागते हे खोटं असतं, तर त्यांना ती काढून टाकायची गरज काय होती?

शंकेखोर : कारण त्यांना छेदाची भीती नव्हती. छेदाचीच अडचण असती तर थांबणं हाच उपाय होता, साडेतीन वर्षांत ०.८ चे ०.१ आपोआप होतात. त्यांनी वेगळी गोष्ट मान्य केली, की पहिल्या सेमिस्टरची ग्रेड ज्ञानाबरोबर रुळणंही मोजते, आणि रुळण्याचे गुण कायमच्या हिशेबात धरायचे नाहीत. हा गणिताचा निर्णय नाही, न्यायाचा आहे. आपल्याकडे तो निर्णय कुणी घेतलाच नाही. सगळ्या क्रेडिटची सरासरी काढायची ठरली, आणि पहिल्या सेमिस्टरला शेवटच्या सेमिस्टरइतकंच वजन आपोआप मिळालं.

हिशेबी : आणि तो निर्णय घेतला तर दुसरा अन्याय होतो, तोही बोला. गावातून आलेलंच दुसरं पोर, पहिल्या दिवसापासून पहाटे उठून अभ्यास करून एम-वनमध्ये ओ काढतं. त्याचे चाळीस गुण तुम्ही ‘पास’ या एका शब्दात बुडवणार. ज्याच्याकडे कोचिंग नाही, ओळखी नाहीत, त्याच्याकडे दाखवायला लवकर मिळालेला चांगला पॉइंटर हीच एक गोष्ट असते. छेद लहान असतो तेव्हा एक ओ सुद्धा आठपट उचलतो, हे तुम्हीच म्हणालात ना, लहान छेद उचलतोही? ते उचलणं त्याच्याकडून का काढून घ्यायचं? शिवाय टीवायवरच क्लास लागायचा तेव्हा एफवाय म्हणजे आराम, हे आपण दोघांनीही पाहिलंय. वजन शून्य केलं की अभ्यासही शून्य होतो. आणि मग तुमचं एकावर एक रचलेलं गणित आणखी कच्चं राहतं.

शंकेखोर : म्हणजे सगळं सारखं मोजलं तर बुजलेल्यावर अन्याय, पहिलं सोडून दिलं तर कष्टाळूवर. यातून सुटका सरासरीत नाही, असं मला वाटू लागलंय. एकच आकडा दोन प्रश्नांची उत्तरं देऊ शकत नाही. मुलगा एकूण किती शिकला, हा एक प्रश्न. मुलगा आज कुठे आहे, हा दुसरा. सीजीपीए पहिल्याचं उत्तर आहे. इंटर्नशिपवाला, प्लेसमेंटवाला, संशोधनाला घेणारा, सगळे विचारतात दुसरा आणि वाचतात पहिल्याचं उत्तर.

हिशेबी : त्यांनी आठही एसजीपीए रांगेने वाचले तर? गुणपत्रिकेवर ते असतातच. ७.२ आणि त्यापुढे सगळीकडे ८, ही रांग पाहिली तर कुणालाही कळेल की मुलगी एकदाच अडखळली. पहिल्या सातांत ८ आणि शेवटी ७.२, ही रांग वेगळा प्रश्न विचारायला लावते. दोन्हींचा सीजीपीए ७.९ च, पण रांगा वेगळ्या.

शंकेखोर : वाचणार नाहीत. हजार अर्ज आले की पहिली चाळणी एकाच आकड्यावर लागते, ७.५ च्या खालचे बाहेर. रांग वाचायला वेळ लागतो, चाळणीला लागत नाही. आणि खरं सांगायचं तर रांग वाचली तरी भांडण मिटत नाही. चढत्या रांगेला पसंती दिली की ज्याने पहिल्यापासून सातत्य ठेवलं तो मागे पडतो.

हिशेबी : मग मुलांना आपण काय सांगायचं? मी तर माझं वाक्य बदलतो. ‘पहिलं सेमिस्टर सांभाळा, पॉइंटर पुन्हा वर येत नाही’ असं म्हणणार नाही, कारण ते खोटं आहे. मी म्हणेन, तूट गुणांत मोजा, पॉइंटरमध्ये नको. किती गुण गेले, पुढचं दार किती क्रेडिटवर आहे आणि तोवर त्यातले किती भरून निघतील, एवढं काढा. पहिल्या सेमिस्टरची ग्रेड प्रत्येक दाराशी हजर असते, म्हणून ती महत्त्वाची. पण प्रत्येक पुढच्या दाराशी तिचं वजन आधीपेक्षा कमी झालेलं असतं.

शंकेखोर : हे मी मान्य करतो, पण तेवढ्यावर थांबायला तयार नाही. हा हिशेब विद्यार्थ्याने शिकायचा, ठीक. पण सहाव्या सेमिस्टरला ७.४७ वर दार बंद करणाऱ्याने कधी सांगायचं, की सहावंच का आणि ७.५ च का? तुमचं गणित विद्यार्थ्याला नियमाशी जुळवून घ्यायला शिकवतं. नियम कोणत्या छेदावर उभा आहे, हे विचारायला शिकवत नाही.

हिशेबी : विचारायलाही तेच गणित लागतं. ७.४७ चा मुलगा पुढे ७.५० वर पोहोचतो, हे मांडल्याशिवाय तुमचा प्रश्न उभाच राहत नाही. फक्त त्याचं उत्तर गणितात नाही. दार कुठे ठेवायचं, यावर तुमचं आणि माझं अजून जमलेलं नाही, आणि ते जमवायला सीजीपीएचं सूत्र पुरणार नाही.